मांसरस, कवच आणि खरपूसपणा : लीबिगच्या एका सिद्धांताचा उदय, खंडन आणि उत्तरायुष्य

प्रस्तावना

मांस शिजविण्यापूर्वी त्याचे पृष्ठभाग प्रखर आचेवर भाजून तपकिरी करून घ्यावेत, म्हणजे आतला रस आतच कोंडला जातो, असे सांगणारी पाकपुस्तके युरोप-अमेरिकेत दीडशे वर्षांहून अधिक काळ छापली गेली. हे विधान इतक्या सहजपणे पुनरुक्त होत आले आहे की ते स्वयंपाकघरातील जुने अनुभवसिद्ध ज्ञान असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात त्याचा आधुनिक प्रसार स्वयंपाक्यांकडून झालेला नसून एका रसायनशास्त्रज्ञाकडून झाला, आणि तो नेमका कधी व कसा झाला हेही ठाऊक आहे. पुढे प्रयोगांती हे विधान चुकीचे ठरले. परंतु ज्या कृतीचे समर्थन त्याने केले होते ती कृती मात्र टिकली, कारण तिचा खरा लाभ वेगळाच होता.

प्रस्तुत लेखात या विधानाचा इतिहास तीन टप्प्यांत पाहिला आहे. युस्टुस फॉन लीबिग याने १८४७ मध्ये मांडलेली उपपत्ती हा पहिला टप्पा, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील विद्यापीठांत झालेली तिची तपासणी हा दुसरा आणि मांस खरपूस भाजल्याने स्वादात नेमकी कोणती भर पडते याचे रसायनशास्त्राने हळूहळू दिलेले उत्तर हा तिसरा. चुकीचे स्पष्टीकरण आणि योग्य कृती यांची सांगड किती दीर्घकाळ टिकू शकते, हे या इतिहासातून दिसून येते.

लीबिगपूर्व विचार

भाजताना बाह्य आवरण बंद होते व ओलावा आत राहतो, ही कल्पना मुळात लीबिगची नव्हे. ॲरिस्टॉटलच्या नावे असलेल्या ‘मिटिऑरॉलॉजिका’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात तिचे बीज आढळते. उकडलेल्या पदार्थापेक्षा भाजलेला पदार्थ आतून अधिक ओलसर का लागतो, याचे कारण तेथे असे दिले आहे की अग्नीच्या सान्निध्यातील बाहेरचा भाग आधी वाळतो, तेथील छिद्रे आकुंचन पावतात आणि आतील ओलावा बाहेर न पडता कोंडला जातो. निरीक्षण सूक्ष्म असले तरी त्याला मोजमापाचा आधार नव्हता. पुढील अनेक शतके या तर्काचा स्वयंपाकाच्या रीतींवर विशेष प्रभाव पडल्याचे दिसत नाही.

उलट, लीबिगच्या अगोदरच्या काळातील युरोपीय पाकपुस्तकांत मोठा मांसखंड भाजण्याची रीत अनेकदा नेमकी विरुद्ध क्रमाची होती. मांस प्रथम आगीपासून दूर ठेवून, प्रसंगी तेल वा लोणी लावलेल्या कागदाने झाकून, मंदपणे शिजविले जाई आणि अगदी शेवटी आगीजवळ आणून त्यास तपकिरी रंग आणला जाई. रंग व सुवास यांचे महत्त्व स्वयंपाक्यांना ठाऊक होते. मात्र तो आधी आणणे अनिवार्य आहे असे त्यांना वाटत नव्हते.

मांसाच्या स्वादाचे मूळ कशात असावे, याविषयी फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळा विचार चालू होता. लुई-जाक तेनार या रसायनशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये मांसातील पाण्यात व मद्यार्कात विरघळणाऱ्या तपकिरी, सुवासिक अंशाला ‘ऑस्माझोम’ असे नाव दिले. ब्रिया-सावारँ याने १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या द्रव्याचा गौरव केला. ऑस्माझोम हे एकच एक द्रव्य नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे, हे पुढे स्पष्ट झाले. तरीही मांसाचे सारसर्वस्व त्याच्या रसात आहे ही धारणा त्यातून दृढ झाली, आणि लीबिगच्या उपपत्तीला अनुकूल अशी भूमी तयार झाली.

लीबिगची उपपत्ती

लीबिग (१८०३–१८७३) हा गीसेन येथील विद्यापीठात प्राध्यापक होता. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विश्लेषणपद्धती आणि प्रयोगशाळेतून शिक्षण देण्याची रीत यांमुळे त्याची कीर्ती युरोपभर पसरली होती. मांस आणि त्याचे अन्नात होणारे रूपांतर यांविषयीचा त्याचा ग्रंथ १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी विल्यम ग्रेगरी याने केलेला इंग्रजी अनुवादही निघाला.

लीबिगचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी पोषणाविषयीची. मांसाच्या तंतूंइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्यातील रसाला आहे. हा रस निघून गेलेले मांस निःसत्त्व होय, असे त्याने प्रतिपादन केले. दुसरी पायरी पाकक्रियेविषयीची. मांसरसात अंड्याच्या पांढऱ्या बलकातील द्रव्यासारखे अल्ब्युमिन असते आणि उष्णतेने ते गोठते. तेव्हा मांसाचा तुकडा एकदम उकळत्या पाण्यात टाकला, तर पृष्ठभागावरील अल्ब्युमिन तत्काळ गोठून त्याचे कवच बनेल. हे कवच बाहेरचे पाणी आत येऊ देणार नाही व आतील रस बाहेर जाऊ देणार नाही.

या विचारातून त्याने प्रत्यक्ष कृतीही सुचविली. मांस उकळत्या पाण्यात टाकून काही मिनिटे उकळावे, नंतर थंड पाणी मिसळून तापमान सुमारे ७० ते ७४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवावे आणि मांस शिजेपर्यंत ते तेथेच राखावे. उत्तम रस्सा हवा असल्यास मात्र याच्या उलट करावे, म्हणजे बारीक चिरलेले मांस थंड पाण्यात घालून हळूहळू तापवावे, जेणेकरून कवच बनण्यापूर्वीच सर्व रस पाण्यात उतरेल.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. लीबिगचे मूळ उदाहरण पाण्यात शिजविण्याचे होते, तव्यावर किंवा जाळावर भाजण्याचे नव्हे. दुसरे असे की मांस पुढे मंद तापमानावर शिजवावे हा त्याच्या कृतीचा उत्तरार्ध गुणकारी होता. त्याच्या रीतीने शिजविलेले मांस सतत खळखळ उकळलेल्या मांसापेक्षा मऊ व रसदार झाले असल्यास नवल नाही. परंतु त्याचे श्रेय उत्तरार्धातील मंद आचेला न जाता पूर्वार्धातील कवचाला मिळाले.

उपपत्तीचा प्रसार

रसायनशास्त्रज्ञाचा हा विचार स्वयंपाकघरात विलक्षण वेगाने पोहोचला. इंग्लंडमधील एलायझा ॲक्टन यांनी आपल्या लोकप्रिय पाकपुस्तकाची १८५५ ची सुधारित आवृत्ती सिद्ध करताना लीबिगच्या तत्त्वांचा तीत उपयोग केल्याचे पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावरच नमूद केले. पाण्यात शिजविण्यासाठी सांगितलेली कल्पना लवकरच भाजण्यालाही लागू करण्यात आली. आधी मंद व शेवटी प्रखर हा जुना क्रम मागे पडून आधी प्रखर व नंतर मंद हा क्रम शास्त्रीय मानला जाऊ लागला. ऑग्यूस्त एस्कॉफिये याच्या १९०३ मधील ‘ल गीद क्युलिनेर’ या ग्रंथातही मांस प्रथम तपकिरी करण्याचा हेतू त्याभोवती चिलखतासारखे आवरण निर्माण करणे असा सांगितलेला आढळतो. फ्रेंच व्यावसायिक पाकविद्येच्या या आधारग्रंथामुळे पुढील पिढ्यांतील स्वयंपाक्यांना ही उपपत्ती गुरुमुखातून मिळालेल्या वचनासारखी झाली.

लीबिगच्या पहिल्या पायरीलाही व्यापारी रूप मिळाले. त्याच्या नावाने मांसार्क तयार करणारी कंपनी १८६५ मध्ये स्थापन झाली व युरुग्वेमधील फ्राय बेंतोस येथे तिचा कारखाना चालला. तेथे मांस मुख्यतः कातड्यांसाठी पाळलेल्या गुरांपासून स्वस्तात उपलब्ध होते. सुमारे ३० किलो मांसापासून जेमतेम १ किलो अर्क निघे. या अर्कात मांसातील बहुतेक प्रथिने व चरबी नसल्यामुळे पोषक अन्न म्हणून त्याविषयी करण्यात आलेले दावे टिकले नाहीत आणि पुढे तो मुख्यतः स्वाद आणणारे द्रव्य म्हणून वापरात राहिला. अशा रीतीने पोषण रसात आहे ही पहिली पायरी ढासळली; परंतु कवच रस कोंडते ही दुसरी पायरी शाबूत राहिली.

उपपत्तीची तपासणी

लीबिगचे विधान मोजून पाहता येण्यासारखे होते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी पोषण व गृहविज्ञान या विषयांचे अध्ययन विद्यापीठांच्या कृषी प्रयोग केंद्रांतून सुरू झाले, तेव्हा ही मोजणी झाली. इलिनॉय विद्यापीठात एच. एस. ग्रिंडली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांस शिजविताना होणाऱ्या घटीचा पद्धतशीर अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०५ च्या सुमारास प्रसिद्ध केले. ८० ते ८५ अंश तापमानाच्या पाण्यात मांस शिजविले असता, आरंभी ते गरम पाण्यात टाकले काय किंवा थंड पाण्यात टाकले काय, रश्श्यात उतरणाऱ्या द्रव्यांच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे लीबिगने ज्या परिस्थितीविषयी विधान केले होते, त्याच परिस्थितीत ते लागू पडत नव्हते.

भाजण्याच्या बाबतीतील तपासणी पुढे मिसुरी विद्यापीठाच्या कृषी प्रयोग केंद्रात झाली. गोमांसाच्या पाककृतींचा तेथील अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. काही मांसखंड आधी अतिशय तप्त भट्टीत ठेवून तपकिरी केले व नंतर मंद आचेवर शिजविले. इतर खंड सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकाच मंद आचेवर ठेवले. आधी तपकिरी केलेल्या खंडांतून होणारी घट कमी झाली नाही. घट ठरविणारी खरी गोष्ट होती ती भट्टीचे एकंदर तापमान आणि मांसाच्या गाभ्याने गाठलेले अंतिम तापमान.

अशी तुलना करताना एक चूक सहज होते व तिच्यामुळेच हा भ्रम बळावतो. समजा, एकाच स्नायूतून कापलेले प्रत्येकी ४०० ग्रॅम वजनाचे दोन सारख्या जाडीचे तुकडे घेतले. पहिला तप्त तव्यावर दोन्ही बाजूंनी तपकिरी करून मंद भट्टीत ठेवला, दुसरा थेट त्याच भट्टीत ठेवला आणि दोन्ही सारख्याच वेळानंतर बाहेर काढले, तर ही तुलना निरर्थक ठरते. कारण दोहोंच्या गाभ्याचे तापमान सारखे नसते. दोन्हींच्या मध्यभागी तापमापक खुपसून गाभा, उदाहरणार्थ, ६० अंशांवर येताच प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे बाहेर काढला पाहिजे, सारखाच वेळ निवू दिला पाहिजे आणि मगच वजन केले पाहिजे. एखादा तुकडा ३२० ग्रॅम भरला तर घट ८० ग्रॅम, म्हणजे २० टक्के झाली. या रीतीने पाहता कवच असलेल्या तुकड्याची घट कमी भरत नाही. तप्त तव्यावर पृष्ठभागाचे अधिक पाणी उडून गेल्यामुळे ती पुष्कळदा किंचित अधिकच भरते. गाभ्याचे तापमान मोजणारे साधन सामान्य स्वयंपाकघरात नव्हते, हे ध्यानी घेतल्यास ही तपासणी स्वयंपाक्यांनी आपणहून का केली नाही याचा उलगडा होतो.

कवच का टिकत नाही

लीबिगच्या तर्कातील दोष अल्ब्युमिन गोठते या विधानात नव्हता. गोठलेले प्रथिन जलाभेद्य असते या गृहीतकात होता. गोठलेले प्रथिन म्हणजे रेणूंचे एक जाळे असते व त्याच्या पोकळ्यांत पाणी धरलेले असते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट असूनही ओला असतो. अंडे प्रमाणाबाहेर शिजविले तर हेच जाळे आवळले जाते व पाणी पाझरू लागते. तव्यावरील कोरड्या कवचाचीही हीच गत. त्यात असंख्य भेगा व छिद्रे असतात.

रस बाहेर पडण्याचे कारण पृष्ठभागावर नसून आत आहे. कच्च्या मांसात सुमारे ७५ टक्के पाणी असते व त्यातील बहुतांश स्नायुतंतूंच्या आत, प्रथिनांच्या सूक्ष्म धाग्यांमध्ये धरलेले असते. तापमान ५० अंशांच्या आसपास आले की मायोसिन हे प्रथिन आपली रचना सोडून गोठू लागते व पाणी सुटे होऊ लागते. ६० अंशांच्या पुढे तंतूंभोवतीच्या वेष्टनांतील कोलॅजन आकुंचन पावते आणि ओले कापड पिळावे तसे ते तंतूंना पिळते. त्यानंतर ॲक्टिन हे दुसरे प्रमुख प्रथिन गोठते आणि मांस अधिकच कोरडे व चिवट होते. गाभा जितका अधिक तापेल तितका पिळा अधिक, असा हा सरळ संबंध आहे. आतून येणारा हा दाब बाहेरचे पातळ, सच्छिद्र कवच थोपवू शकत नाही.

त्याची खूण डोळ्यांना व कानांनाही मिळते. तव्यावर मांस टाकल्यावर येणारा चर्रर्र असा आवाज म्हणजे बाहेर पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होण्याचा आवाज होय. कवच बनल्यानंतर रस खरोखर कोंडला जात असता तर हा आवाज थांबला असता. पण तो मांस तव्यावर असेपर्यंत चालूच राहतो. जाड तुकडा एका बाजूने तपकिरी करून उलटल्यावर काही वेळाने वरच्या, कवच असलेल्या बाजूवर रसाचे लालसर थेंब उभे राहतात. ताटात वाढलेल्या तुकड्याखालीही रस साचतो. हे सर्व कवचातूनच बाहेर आलेले असते.

तपकिरी रंगाचे रसायन

कवच रस राखत नसेल, तर जगभरचे स्वयंपाकी मांस खरपूस का करतात? या प्रश्नाचे उत्तर ज्या संशोधनातून मिळाले त्याचा आरंभ अन्नाच्या अभ्यासातून झाला नाही. लुई-कामीय मायार (१८७८–१९३६) या फ्रेंच वैद्यक व रसायनशास्त्रज्ञाला अमिनो आम्लांपासून प्रथिनांसारख्या साखळ्या कशा जुळतात याविषयी कुतूहल होते. त्या ओघात त्याने ग्लुकोज व ग्लायसीन पाण्यात एकत्र तापविले. मिश्रण पिवळे व मग गडद तपकिरी झाले आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागला. हे निरीक्षण त्याने १९१२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले व तपकिरी द्रव्यांसाठी ‘मेलॅनॉइडिन’ हे नाव वापरले. इंग्रजी उच्चारामुळे आपल्याकडे ‘मेलार्ड अभिक्रिया’ म्हणून परिचित असलेली अभिक्रिया ती हीच.

अन्नशास्त्राने तिची गंभीर दखल घेतली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. सैन्यासाठी साठविलेली अंड्याची भुकटी व इतर वाळविलेले पदार्थ काळवंडत व बेचव होत. त्याचे कारण शोधताना संशोधक मायारच्या निरीक्षणाकडे वळले. इलिनॉयमधील पिओरिया येथील कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतील जॉन ई. हॉज यांनी १९५३ मध्ये या गुंतागुंतीच्या अभिक्रियेच्या पायऱ्यांची सुसंगत मांडणी केली व तीच पुढील अभ्यासाची चौकट ठरली. आरंभी साखरेचा रेणू अमिनो आम्लाशी जोडला जातो. हे संयुग आपली रचना बदलते. नंतर ते अनेक मार्गांनी विघटित होऊन लहान, अतिशय क्रियाशील रेणू निर्माण होतात. हे रेणू आणखी अमिनो आम्लांवर क्रिया करून शेकडो सुवासिक द्रव्ये बनवितात आणि अखेरीस मोठ्या तपकिरी रेणूंत परिणत होतात. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. केवळ साखर तापवून होणारे तपकिरीकरण, म्हणजे कॅरॅमल बनणे, ही वेगळी प्रक्रिया असून तीत अमिनो आम्लांचा सहभाग आवश्यक नसतो. मांसात मुक्त साखर थोडीच असते. तेथे मुख्य कार्य मायार अभिक्रियेचेच असते.

मांसाचा विशिष्ट स्वाद कशातून येतो याचा एक महत्त्वाचा दुवा १९६० मध्ये युनिलिव्हर कंपनीच्या ब्रिटिश पेटंटातून पुढे आला. सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल व रायबोज ही साखर एकत्र तापविल्यास मांसासारखा स्वाद निर्माण होतो, असे त्यात नमूद होते. रायबोज मांसात येते ती स्नायूंना ऊर्जा पुरविणाऱ्या ए.टी.पी. या द्रव्याच्या विघटनातून. जनावर मेल्यानंतर हे विघटन चालू राहते. म्हणजे स्वादाची सामग्री तव्यावर येण्यापूर्वीच मांसात सिद्ध होत असते.

पुढे जर्मनीत म्युनिकजवळ गार्खिंग येथे वेर्नर ग्रॉश व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो गंधद्रव्यांतून मानवी नाकाला प्रत्यक्ष जाणवणारी द्रव्ये निवडून काढली. उकडलेल्या गोमांसावरील त्यांच्या १९८८ मधील निष्कर्षांत गंधकयुक्त फ्युरान-थायॉल वर्गातील द्रव्य ठळकपणे आढळले. ते अत्यल्प प्रमाणातही ‘मांसल’ वास देते. भाजलेल्या गोमांसावरील १९९२ मधील निष्कर्षांत पायराझीन वर्गातील द्रव्यांना विशेष स्थान मिळाले. भाजलेले दाणे, पावाचे कवच आणि कॉफी यांच्या खमंग वासांतही याच कुळातील द्रव्ये असतात. यावरून उकडणे व भाजणे यांतील फरक नेमका कळतो. मांसाचा मूलभूत स्वाद पाण्यात शिजवूनही येतो. खरपूस भाजल्याने त्यावर खमंगपणाचा एक नवा थर चढतो. ही भर घालणारी क्रिया आहे, राखण करणारी नव्हे.

कृतीवरील परिणाम

खरे कारण कळले की कृतीतील बारकावेही बदलतात. मायार अभिक्रिया कमी तापमानालाही होते, पण फार सावकाश; स्वयंपाकाच्या वेळात ती उपयोगी पडेल असा वेग साधारण १४० अंशांच्या वर मिळतो. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. १ ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ८० कॅलरी पुरतात, पण त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणून मांस आधी कापडाने टिपून कोरडे करणे, तवा पुरेसा तापविणे आणि त्यावर तुकड्यांची गर्दी न करणे या तीन गोष्टींना महत्त्व येते. गर्दी झाली की सुटलेले पाणी तव्यात साचते, मांस करड्या रंगाचे होते व भाजले न जाता उकडले जाते. चर्रर्र आवाज मंदावून बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला की ही चूक झाली असे समजावे.

दुसऱ्या टोकाला अतिरेकाचा दोष असतो. तवा फार वेळ प्रखर ठेवला तर तपकिरी थराखाली जाड, कोरडा पट्टा तयार होतो व पृष्ठभाग काळा पडून कडवट लागतो. शिवाय करपलेल्या मांसात हेटरोसायक्लिक अमाइन नावाची, उत्परिवर्तन घडविणारी द्रव्ये तयार होतात, हे १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकाशी सुगिमुरा व सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. तेव्हा रंग तपकिरीवर थांबविणे हिताचे.

क्रमाचे बंधनही नाहीसे होते. रस कोंडायचा नसल्यामुळे मांस आधीच तपकिरी केले पाहिजे असे नाही. जाड तुकडा मंद भट्टीत गाभा इष्ट तापमानाला येईपर्यंत शिजवून शेवटी प्रखर आचेवर तपकिरी करता येतो. तोवर त्याचा पृष्ठभाग वाळलेला व गरम असल्यामुळे रंग लवकर चढतो आणि आतील भाग अतिरिक्त शिजत नाही. लीबिगपूर्व स्वयंपाक्यांचा क्रम अशा रीतीने पुन्हा समर्थनीय ठरतो. रस्सेदार पदार्थांत मात्र आधी परतणे सोयीचे असते, कारण भांड्याच्या तळाशी चिकटलेला तपकिरी थर पाण्यात उतरून सर्व रश्श्याला स्वाद देतो.

महाराष्ट्रातील पाकरीतीशी याचा संबंध जोडता येतो. कोल्हापुरी पद्धतीत मटण प्रथम हळद, मीठ व कांदा यांसह शिजवून त्याचे अळणी पाणी काढले जाते. तेथे मांसाला कवच आणण्याचा प्रयत्न नसतो. तांबड्या रश्श्याचा खमंगपणा येतो तो भाजलेले सुके खोबरे, परतलेला कांदा आणि भाजलेले मसाले यांच्या वाटणातून. तपकिरीकरणाचे कार्य येथे मांसाऐवजी वाटणाकडे सोपविलेले असते, आणि तरीही रश्श्यात खमंगपणाची उणीव भासत नाही. खमंगपणा हा मांसरसाच्या रक्षणाशी निगडित नसून पृष्ठभागावरील अभिक्रियेशी निगडित आहे, याचे हे घरगुती प्रत्यंतर होय.

समज टिकण्याची कारणे

मिसुरीचा अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध होऊनही पाकपुस्तकांतील वाक्य बदलले नाही. कृषी प्रयोग केंद्रांचे अहवाल व स्वयंपाक्यांची पुस्तके यांचे वाचक वेगळे होते. हॅरॉल्ड मॅगी यांच्या ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या १९८४ मधील ग्रंथाने हे खंडन सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविले. त्याची विस्तारित आवृत्ती २००४ मध्ये निघाली. त्यानंतरही जुने वाक्य पूर्णपणे लुप्त झाले नाही.

याचे एक कारण अनुभवातच दडलेले आहे. खरपूस मांस खाताना ते अधिक रसदार वाटते. त्याचा सुवास व चव यांमुळे तोंडाला पाणी सुटते, आणि खाणाऱ्याला जाणवणारा ओलावा हा मांसातील रस, वितळलेली चरबी व लाळ यांचा एकत्रित परिणाम असतो. म्हणून खाणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. त्या अनुभवाचे श्रेय कवचाला देणे तेवढे चुकीचे असते. तराजू आणि जीभ यांची साक्ष येथे वेगळी पडते, कारण दोघांना विचारलेले प्रश्न वेगळे आहेत.

समारोप

लीबिगच्या उपपत्तीचा हा इतिहास पाहता असे दिसते की ती प्रयोगाने सिद्ध झालेली नसताना त्याच्या अधिकारामुळे स्वीकारली गेली, मोजमापाने खंडित झाल्यावरही तिच्याशी जोडलेली कृती फलदायी असल्यामुळे टिकून राहिली, आणि त्या कृतीचे खरे स्पष्टीकरण सर्वस्वी वेगळ्या प्रश्नाच्या शोधात असलेल्या मायारच्या निरीक्षणातून मिळाले. मांसाचा रस राखायचा असेल तर गाभ्याच्या तापमानावर नियंत्रण ठेवावे लागते. खमंगपणा आणायचा असेल तर पृष्ठभाग कोरडा व तप्त करावा लागतो. लीबिगने या दोन भिन्न कार्यांना एकाच कवचात बांधले होते. ती दोन्ही वेगळी ओळखणे, हाच या दीड शतकाच्या तपासणीचा मुख्य निष्कर्ष होय.